सूत्रं पाठ आहेत, तरी पेपरात पद्धत सुचत नाही: कॉन्व्होल्यूशन आणि फुरिअर ट्रान्सफॉर्मची जुनी गणितं पद्धतीनुसार लावताना

सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकवताना दरवर्षी एक तक्रार ऐकतो: "सर, घरी सगळं सुटतं. पेपरात प्रश्न बघितला की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही." मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीची वही मी नीट चाळली. गेटच्या सरावासाठी तिने जुन्या पेपरातले कॉन्व्होल्यूशनचे प्रश्न सोडवले होते आणि बहुतेक उत्तरं बरोबर होती. फक्त दोन मार्कांच्या एका प्रश्नाला तिने अडीच पानं घातली होती. गेटमध्ये १८० मिनिटांत १०० मार्कांचे ६५ प्रश्न असतात, म्हणजे दोन मार्कांच्या प्रश्नाला साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. त्या प्रश्नात विचारलं होतं y(t) खालचं एकूण क्षेत्रफळ. तिने आधी पूर्ण y(t) काढला, तीन तुकड्यांत, मग त्याचं इंटिग्रेशन केलं. खरं तर दोन क्षेत्रफळांचा गुणाकार केला की उत्तर मिळत होतं. हा नियम तिला पाठ होता. विचारल्यावर तिने तो लगेच म्हणूनही दाखवला.

तिला नियम येत होता, पण तो कधी काढायचा हे कळत नव्हतं. त्याचं कारण सरावाच्या पद्धतीत आहे. आपण जुने प्रश्न धड्यानुसार सोडवतो. पानाच्या वर "पार्सेव्हल" असं शीर्षक असतं आणि खाली पार्सेव्हलची दहा गणितं. पद्धत निवडण्याचं काम शीर्षकानेच केलेलं असतं, आपण फक्त आकडेमोड करतो. पेपरात ते शीर्षक नसतं. त्यामुळे पद्धत निवडण्याचा सराव आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्येच होतो.

आधी हे तुमचंच दुखणं आहे का ते तपासा. वीस जुने प्रश्न घ्या, दहा कॉन्व्होल्यूशनचे आणि दहा फुरिअरचे, आणि एकत्र मिसळा. प्रत्येक प्रश्न वाचून अर्ध्या मिनिटात फक्त पद्धत लिहा, सोडवू नका. सगळे झाले की सोडवायला बसा. ज्या प्रश्नात लिहिलेली पद्धत अर्ध्यातून बदलावी लागली, त्याच्यावर फुली मारा. फुल्या दोन-तीनच आल्या तर अडचण दुसरीकडे आहे, बहुधा इंटिग्रेशनच्या मर्यादा लावण्यात किंवा चिन्हांत. सात-आठ आल्या तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एकच जोडी, चार प्रश्न

यावर उपाय म्हणजे जुन्या प्रश्नांचे पद्धतीनुसार गठ्ठे पाडणं. ते कसे पाडायचे हे सांगण्याआधी एक उदाहरण पूर्ण बघू. सगळी गोम त्यातच आहे. इनपुट आहे ० ते २ सेकंदांचा, १ उंचीचा आयताकृती पल्स. सिस्टिमचा इम्पल्स रिस्पॉन्स घसरता एक्सपोनेन्शिअल आहे.

x(t) = u(t) − u(t−2)

h(t) = e^(−t) u(t)

पहिला प्रश्न: y(t) चं −∞ ते ∞ इंटिग्रेशन किती? कॉन्व्होल्यूशनमध्ये क्षेत्रफळांचा गुणाकार होतो. x चं क्षेत्रफळ २, h चं १. उत्तर २. कागदही लागत नाही.

दुसरा प्रश्न: y(3) किती? इथे पूर्ण y(t) ची गरज नाही. एकाच क्षणाची किंमत हवी आहे, म्हणून एकाच क्षणाचं चित्र काढायचं. पल्स उलटवून t = 3 वर आणला की तो τ = 1 ते τ = 3 या पट्ट्यावर बसतो. तेवढ्याच पट्ट्यात e^(−τ) चं क्षेत्रफळ काढायचं:

y(3) = e^(−1) − e^(−3) ≈ 0.318

उलटवून सरकवण्याची पद्धत मुलांना सर्वांत जड वाटते. तिचा खरा उपयोग इथेच आहे: एक क्षण, एक चित्र, एक इंटिग्रेशन. तुकड्यातुकड्यांनी पूर्ण उत्तर काढायला ती वापरली की ती खरोखरच जड होते.

तिसरा प्रश्न: पूर्ण y(t) काढा. आता पल्सचं डिफरन्शिएशन करा. आयताच्या दोन उभ्या कडांच्या जागी दोन इम्पल्स येतात, ० वर +1 आणि २ वर −1. इम्पल्सशी कॉन्व्होल्यूशन म्हणजे नुसतं सरकवणं. डिफरन्शिएशन एका बाजूला केलं म्हणून दुसऱ्या बाजूला h चं एकदा इंटिग्रेशन करायचं. ते इंटिग्रेशन म्हणजेच स्टेप रिस्पॉन्स:

s(t) = (1 − e^(−t)) u(t)

y(t) = s(t) − s(t−2)

झालं. मर्यादांची मारामारी नाही. ० ते २ मध्ये 1 − e^(−t) मिळतं आणि त्यानंतर e^(−(t−2)) − e^(−t). यात t = 3 घाला, दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर येईल.

चौथा प्रश्न: याच सिस्टिमला cos t दिला तर आउटपुट काय? आता कॉन्व्होल्यूशन करायचंच नाही. सतत चालणारा कोसाइन सिस्टिममधून कोसाइन म्हणूनच बाहेर येतो, फक्त उंची आणि फेज बदलतात. H(jω) = 1/(1+jω), त्यात ω = 1 घातलं की

y(t) = (1/√2) cos(t − π/4)

चारही प्रश्न "कॉन्व्होल्यूशन" या एकाच धड्यात येतात. सिस्टिम चारही वेळा तीच आहे. तरी पद्धती चार निघाल्या. पहिल्या तीन प्रश्नांत तर इनपुटसुद्धा बदललेला नाही, बदललं ते फक्त काय मागितलंय ते. म्हणून जुन्या प्रश्नांचे गठ्ठे पाडताना पहिली चाळण "काय दिलंय" ही नसून "काय मागितलंय" ही असते: एक आकडा, की पूर्ण फंक्शन? आकडा असेल तर कोणता: एका क्षणाची किंमत, क्षेत्रफळ की एनर्जी? हे ठरल्यावरच दिलेल्या सिग्नलच्या आकाराकडे बघायचं.

गठ्ठे प्रत्यक्ष कसे पाडायचे

मागच्या दहा वर्षांच्या पेपरांतून या दोन धड्यांचे प्रश्न वेगळे काढून त्यांच्या झेरॉक्स घ्या आणि कापून एकेक प्रश्न सुटा करा. मोबाइलमधले स्क्रीनशॉट मी मुद्दाम टाळायला सांगतो. टेबलावर चिठ्ठ्या पसरून या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात हलवताना जो विचार होतो, तो स्क्रीनवर होत नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे तीन ओळी लिहा: काय मागितलंय, प्रश्नातली कोणती खूण पद्धत सुचवते, आणि आधी आपण कोणत्या चुकीच्या वाटेने गेलो होतो. उत्तर लिहू नका. उत्तर लिहिलं की पुढच्या वेळी डोळा आधी त्याच्याकडेच जातो.

यात खुणेची ओळ सर्वांत महत्त्वाची. "आयताकृती पल्स, पूर्ण y(t) हवा" ही खूण डिफरन्शिएशनकडे नेते. "sin(4t)/(πt) सारखा सिग्नल" ही खूण फ्रीक्वेन्सीकडे नेते. एक उदाहरण घेऊ. sin(4t)/(πt) आणि sin(2t)/(πt) यांचं कॉन्व्होल्यूशन टाइममध्ये करायला बसलात तर पाचव्या मिनिटालाही तिथेच असाल. फ्रीक्वेन्सीत दोन्ही म्हणजे १ उंचीचे चौकोन आहेत, एक −4 ते 4 आणि दुसरा −2 ते 2. गुणाकार केला की अरुंद चौकोन उरतो, म्हणून उत्तर sin(2t)/(πt). आता याच दोन सिग्नलच्या साध्या गुणाकाराचं −∞ ते ∞ इंटिग्रेशन विचारलं, तर तो प्रश्न पार्सेव्हलच्या गठ्ठ्यात जातो: दोन चौकोनांच्या गुणाकाराचं क्षेत्रफळ ४, भागिले 2π, उत्तर 2/π. हीच किंमत मघाच्या उत्तरात t = 0 घातल्यावरही मिळते. असा योगायोग दिसला तर दोन्ही चिठ्ठ्या एकमेकींना टाचा. एक पद्धत दुसरीची पडताळणी झाली.

गठ्ठे किती करायचे? माझ्या अनुभवात दोन्ही धडे मिळून सात-आठ पुरतात. वीस झाले तर समजा की तुम्ही पुन्हा सूत्रांचीच यादी करताय. आणि "अवघड" किंवा "इतर" नावाचा गठ्ठा ठेवूच नका. त्यात टाकलेली चिठ्ठी पुन्हा कोणी उघडत नाही. प्रश्न दोन गठ्ठ्यांत बसत असेल तर कमी ओळींत सुटणाऱ्या पद्धतीखाली ठेवा आणि मागे दुसरीचं नाव लिहा.

फुरिअरमध्ये हीच चूक दुप्पट महाग पडते

एक समलंब पल्स घ्या. ० पासून चढत t = 1 ला २ उंची गाठतो, t = 3 पर्यंत सपाट राहतो आणि t = 4 ला शून्यावर उतरतो. पेपरात याच्याखाली बहुधा X(jω) काढायला सांगतच नाहीत. X(0) विचारतात, किंवा X(jω) चं इंटिग्रेशन, किंवा |X(jω)|² चं इंटिग्रेशन, किंवा फेज. तरीही निम्मी मुलं आधी X(jω) काढायला घेतात, कारण समोर सिग्नलचं चित्र आहे आणि धड्याचं नाव फुरिअर ट्रान्सफॉर्म आहे.

X(0) म्हणजे पल्सचं क्षेत्रफळ. समांतर बाजू ४ आणि २, उंची २, म्हणून ६. X(jω) चं इंटिग्रेशन म्हणजे 2π गुणिले x(0), इथे x(0) शून्य आहे, म्हणून उत्तर शून्य. पण तेच इंटिग्रेशन e^(j2ω) ने गुणून विचारलं तर ते 2π गुणिले x(2), म्हणजे 4π. इंटिग्रेशनच्या आत असा घातांक दिसला की "x ची कोणत्या क्षणाची किंमत मागताहेत?" हा प्रश्न मनात यायला हवा. ही खूण चिठ्ठीमागे लाल पेनने लिहा. |X(jω)|² असेल तर पार्सेव्हल: x² चं इंटिग्रेशन दोन उतारांवर मिळून 8/3 आणि सपाट भागावर ८, एकूण 32/3, गुणिले 2π, म्हणजे 64π/3. फेज विचारली तर पल्स t = 2 भोवती दोन्ही बाजूंना सारखा आहे हे बघायचं. मग फेज −2ω, आणि e^(−j2ω) बाहेर काढल्यावर उरलेला रिअल भाग जिथे ऋण होईल तिथे π ची उडी.

खरोखरच X(jω) मागितला असेल तर सरळ रेषांच्या सिग्नलला दोनदा डिफरन्शिएट करा. उताराचा बदल जिथे होतो तिथे तेवढा इम्पल्स येतो: ० वर +2, १ वर −2, ३ वर −2, ४ वर +2. त्यांचा ट्रान्सफॉर्म तोंडी लिहिता येतो, त्याला (jω)² ने भागायचं:

X(jω) = e^(−j2ω) · 4(cos ω − cos 2ω)/ω²

ω शून्याकडे नेलं की कंसातला भाग (3/2)ω² होतो आणि उत्तर ६ येतं, म्हणजे क्षेत्रफळाशी जुळतं. हा ताळा मी प्रत्येक चिठ्ठीवर करायला लावतो. चिन्हाची चूक झाली असेल तर इथे ω² खालून उडत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते.

पद्धत बरोबर निवडूनही उत्तर चुकतं तेव्हा

प्रत्येक युक्तीला हद्द असते. ती हद्द चिठ्ठ्यांवर लिहिली नाही तर गठ्ठे लावूनही मार्क जातात.

डिफरन्शिएशनची युक्ती स्थिर भाग गिळते. u(t) ला डिफरन्शिएट केलं की इम्पल्स, त्याचा ट्रान्सफॉर्म 1, jω ने भागलं की 1/(jω). पण u(t) चा ट्रान्सफॉर्म 1/(jω) + πδ(ω) आहे. हरवलेला इम्पल्स ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे सिग्नलची −∞ आणि +∞ कडची किंमत मिळवायची आणि π ने गुणायचं. u(t) साठी 0 + 1, म्हणून πδ(ω). sgn(t) साठी −1 + 1 = 0, म्हणून तिथे 2/(jω) एवढंच पुरतं. वरचा समलंब दोन्हीकडे शून्य आहे, म्हणून काही हरवलं नाही. कॉन्व्होल्यूशनमध्येही हेच होतं: इनपुट कायम १ असेल आणि त्याला डिफरन्शिएट केलं तर शून्य मिळतं, पण खरं आउटपुट आहे H(0).

दुसरी हद्द चौथ्या प्रश्नातली. cos t शेजारी u(t) असेल तर कोसाइन कायम चालत आलेला नाही, शून्यावर सुरू झालाय. तेव्हा H(j1) ने फक्त स्थिरावल्यानंतरचा भाग मिळतो. पूर्ण उत्तर लाप्लासने काढावं लागतं आणि त्यात −½e^(−t) जास्तीचा येतो. मुलं u(t) वाचतच नाहीत. चिठ्ठीवर त्याला गोल करा.

तिसरी गोष्ट निव्वळ लेखनाची आहे, पण हिच्यात सर्वांत जास्त मार्क गेलेले मी पाहिलेत. काही पेपरांत sinc(t) म्हणजे sin(πt)/(πt), काही पुस्तकांत sin(t)/t. तसंच ट्रान्सफॉर्म ω मध्ये आहे की f मध्ये, यावर पार्सेव्हलचा 1/(2π) असतो किंवा नसतो. आकडा टाइप करायच्या प्रश्नात पर्याय समोर नसल्यामुळे चूक उघडी पडत नाही. म्हणून चिठ्ठीच्या कोपऱ्यात ω किंवा f लिहायची सवय लावा.

घरी शंका आली तर कॉम्प्युटरवर ताळा करता येतो. वरच्या जोडीसाठी:

```python
import numpy as np
dt = 0.001
t = np.arange(0, 10, dt)
x = (t < 2) * 1.0
h = np.exp(-t)
y = np.convolve(x, h)[:len(t)] * dt
print(y[3000], y.sum() * dt)
```

पहिला आकडा 0.318 च्या आसपास आणि दुसरा २ च्या आसपास यायला हवा. शेवटी `* dt` राहिलं तर आकडे हजारपट मोठे येतात, कारण इथे इंटिग्रेशनच्या जागी नुसती बेरीज होते.

विद्यापीठाच्या पेपराला हे जसंच्या तसं लावू नका

इंजिनिअरिंगच्या विद्यापीठ परीक्षेत बऱ्याचदा पद्धत प्रश्नातच लिहिलेली असते: "ग्राफिकल पद्धतीने काढा" किंवा "गुणधर्म वापरून काढा". तिथे मार्क पायऱ्यांना असतात. ग्राफिकल म्हटलं असेल तर प्रत्येक तुकड्याची आकृती, मर्यादा आणि इंटिग्रेशन दिसलं पाहिजे. स्टेप रिस्पॉन्सने दोन ओळींत काढलेल्या बरोबर उत्तरालाही पूर्ण मार्क मिळतील याची खात्री नाही. आखूड पद्धत तिथे कच्च्या कामासाठी वापरा. y(t) चा शेवट x आणि h च्या शेवटांच्या बेरजेवर येतोय का, एकूण क्षेत्रफळ गुणाकाराएवढं भरतंय का, हे शेवटी बघा. या प्रश्नांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या कागदावर करा, म्हणजे गेटच्या गठ्ठ्यात मिसळणार नाहीत.

गठ्ठे लागले की रबरबँड लावून ठेवू नका. दर रविवारी सगळे मोडा, पिसा आणि पंधरा चिठ्ठ्या उचला. अर्धं मिनिट, फक्त पद्धतीचं नाव, मग मागची बाजू बघायची. जी बरोबर आली ती परत गठ्ठ्यात. जी चुकली तिच्यामागे तारीख टाका. त्या विद्यार्थिनीकडे सहा आठवड्यांनी तीन-तीन तारखा पडलेल्या चारच चिठ्ठ्या उरल्या होत्या आणि चारही एकाच प्रकारच्या होत्या: इंटिग्रेशनच्या आत e^(j2ω) दडलेल्या. मग आम्ही तेवढ्यावरच एक संध्याकाळ बसलो.